सकाळी उठल्यावर मान धरलीय? मग आधी या चुका टाळा

रात्री झोपताना काहीच नव्हतं आणि सकाळी उठायला गेलं तर मान जागची हलत नाही, डोकं एका बाजूला कललेलं, सरळ करायला गेलं की मानेच्या मुळापासून फऱ्यापर्यंत अशी कळ जाते की तोंडातून आवाजच निघतो. मी फिजिओथेरपी करते, आणि अशी मान घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी घरी किंवा सलूनमध्ये काहीतरी करून मग येतात, तेव्हा आधी दुखत होतं त्याच्यापेक्षा जास्त दुखत असतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. मानेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, त्यातला एखादा, किंवा मानेपासून फऱ्याच्या वरच्या टोकाला जाणारा स्नायू, रात्रभर वाकड्या स्थितीत ताणला जाऊन चिडतो. मग त्या जागेला धक्का लागू नये म्हणून आजूबाजूचे स्नायू आखडून बसतात आणि डोकं बहुतेक वेळा दुखऱ्या बाजूपासून लांब कलतं. म्हणजे हा वाकडेपणा शरीराने मुद्दाम धरलेला आहे, तुम्ही जोर लावून तो मोडायला गेलात की स्नायू अजून घट्ट होणार.

त्यामुळे पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मान कडाकडा मोडून घेणं. सलूनमध्ये दाढी झाल्यावर डोकं धरून झटका देतात ना, ते या दिवसांत अजिबात नको, आणि खरं सांगायचं तर एरवीही नकोच. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन नसा मानेच्या मणक्यांमधून वर जातात, झटक्याने त्यांच्या आतलं अस्तर फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत. हे क्वचित होतं पण झालं की आयुष्यभराचं नुकसान आहे. पायाळू माणसाची लाथ मारून घेणं पण त्यातलंच, नुसता पाय लावला तर लावू देत, दणका नको. उशी उन्हात घालायला सांगतात ती खुशाल घाला, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आता एक केस सांगते. बँकेत काऊंटरला बसणाऱ्या एक ताई, चाळिशीच्या, रात्री सोफ्याच्या हातावर डोकं टेकून मोबाइल बघता बघता तशाच झोपल्या. सकाळी कळ उजव्या बाजूला, डोकं डावीकडे कललेलं, डावीकडे बऱ्यापैकी वळायचं पण उजवीकडे जेमतेम दोन बोटं. घरच्यांनी डोकं धरून सरळ करायचा प्रयत्न केला, वरून तेल लावून जोरात चोळलं, दुपारपर्यंत मान आणखी आखडली. हातात मुंग्या नव्हत्या, ताप नव्हता, पडझड नव्हती, म्हणजे साधी धरलेली मान. त्यांना जे करायला लावलं तेच तुम्हालाही चालेल.

पहिल्या दिवशी मान सरळ करायचं नावच काढायचं नाही. उठताना सरळ उठू नका, आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, एका हाताने डोक्याला आधार द्या आणि दुसऱ्या हाताने रेटा देत उठा, निम्मी कळ इथेच वाचते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बाम चोळून त्यावर लगेच पिशवी ठेवू नका, कातडी भाजते, आणि पिशवी मानेखाली घेऊन झोपू पण नका. शेकून झालं की पाठीवर झोपा, डोकं उशीवर पूर्ण सैल सोडा आणि उशीवरून न उचलता हळूच लोळवा, आधी सोप्या बाजूला आणि मग अवघड बाजूला, पण जिथे अडायला लागतं तिथेच थांबून परत यायचं. असं आठ-दहा वेळा, जागे असताना दर दोन तासांनी. दिसायला हे काहीच नाही असं वाटतं, पण स्नायूला भरवसा येतो तो या छोट्या हालचालीनेच.

दुसरी चूक याच्या बरोब्बर उलट, म्हणजे घाबरून मान हलवायचीच नाही, कपाटातला जुना पट्टा काढून चार-पाच दिवस घालून बसायचं. पहिल्या दिवशी थोडं पडून राहिलात तर हरकत नाही, पण मान हलवलीच नाही तर ती आणखी आखडते आणि बरं व्हायला उशीर लागतो. घरातली हलकी कामं करा, फक्त बादली उचलणं, मान खाली घालून भाजी निवडत बसणं आणि खांद्यात फोन धरून बोलणं टाळा. गाडी मात्र चालवू नका. मान वळत नसताना मागून येणारं वाहन दिसत नाही आणि अचानक वळून बघितलं की कळ येऊन हँडल सुटतं.

गोळीचं म्हणाल तर साधी पॅरासिटामॉल 500 ची, मोठ्या माणसाला एकावेळी एक किंवा दोन, मध्ये 6 तासांचं अंतर. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं तेव्हा दोन्ही एकत्र घेऊ नका, आणि लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मेडिकलवाल्याकडून स्नायू सैल करणारी गोळी आपल्या मनाने आणू नका, त्याने झोप येते. गोळी घेऊन दुखणं दबलं की लोक लगेच मान ताणायला जातात, तेही नको.

ताईंची मान तिसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हलायला लागली. तेव्हा पुढचं सुरू केलं, तळवा कानाच्या वर ठेवून डोक्याने हलकं दाबायचं आणि हाताने अडवायचं, डोकं हलू द्यायचं नाही, 5 सेकंद, दोन्ही बाजूंनी पाच वेळा. कळ आली म्हणजे जोर जास्त झाला. हे जमल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं हळूच बाजूला झुकवून 20 सेकंदांचा ताण, तोही डोक्याच्या वजनाने, हाताने ओढून नाही. आठवड्याभरात त्यांची हनुवटी दोन्ही खांद्यांकडे सारखी वळायला लागली. साधारण असंच होतं, रोज थोडं थोडं सुटत जातं, एका दिवसात नाही.

उशी एकदम काढून टाकतात ते पण चुकतं. कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांच्यातली पोकळी भरेल इतकी जाड उशी हवी, पाठीवर झोपणाऱ्याला त्यापेक्षा पातळ. पालथं झोपणं मात्र बंद.

आणि घरी थांबायचं कधी नाही ते नीट वाचा. ताप, डोकेदुखी, उलट्या, आणि हनुवटी छातीला लागत नाही असं असेल तर थेट हॉस्पिटल. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान धरली, हात-पाय लुळे किंवा बधिर वाटतात, लघवीवर ताबा जातो, अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखतं, बोलणं अडखळतं, एकाचे दोन दिसतात, तरीही तसंच. मानेबरोबर छातीत, जबड्यात दुखून घाम फुटला तर हृदयाची तपासणी लगेच. लहान मुलाला ताप आणि घसादुखीबरोबर मान वाकडी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. उलटी थांबवायची काही औषधं घेतल्यावर, त्यातही लहान मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये, मान आपोआप पिळते, डोळे वर जातात, जबडा वाकडा होतो. तिथे शेक उपयोगाचा नाही, औषधाची पट्टी सोबत घेऊन दवाखान्यात जा, इंजेक्शनने थोड्या वेळात सुटतं. आणि यातलं काहीच नसूनही आठवड्यानंतर मान जिथल्या तिथे असेल किंवा दर महिन्या-दोन महिन्यांनी धरत असेल तर एकदा तपासून घ्या.