हॅश टेबल कागदावर चालवून पाहा

एक ओळ आखून तिचे आठ कप्पे करा आणि त्यांना 0 ते 7 क्रमांक द्या. आता हजेरी क्रमांकावरून विद्यार्थ्याचे नाव शोधायचे आहे. हजेरी क्रमांक ही आपली की. कीला 8 ने भागायचे आणि जी बाकी उरेल त्या कप्प्यात जायचे:

```
i = key % 8
```

27 ची बाकी 3, म्हणून 27 कप्पा 3 मध्ये. पुन्हा शोधताना हाच भागाकार करून थेट तिथे पोहोचता येते, यादी वरून खाली चाळावी लागत नाही. हॅश टेबलचा सगळा वेग इथून येतो. कप्प्यात नावासोबत की सुद्धा लिहा. का, ते लगेच कळेल.

आता 35 घ्या. बाकी पुन्हा 3, पण तिथे 27 आहे. ही झाली टक्कर. सर्वात सोपा उपाय म्हणजे पुढचा रिकामा कप्पा गाठणे, आणि 7 नंतर पुन्हा 0 पासून पाहणे. त्यामुळे 35 जाते 4 मध्ये. मग 12 येते. तिची बाकी 4, पण तिची जागा आधीच गेलेली, म्हणून ती 5 मध्ये. 19 ची बाकी 3, तीही सरकत 6 मध्ये पोहोचते.

19 शोधताना 3, 4, 5, 6 असे चार कप्पे पाहावे लागतात आणि प्रत्येक ठिकाणी की जुळवावी लागते. 43 शोधली तर 3 पासून सुरुवात होते आणि 7 रिकामा दिसतो. तिथे थांबायचे: 43 नाही. रिकामा कप्पा म्हणजे शोध संपला, हा नियम नीट लक्षात ठेवा, कारण खरी चूक यापुढे होते.

35 काढून टाका आणि कप्पा 4 कोरा करा. आता 12 शोधा. शोध 4 पासून सुरू होतो, कप्पा रिकामा दिसतो आणि उत्तर मिळते ‘नाही’. 12 मात्र शेजारी 5 मध्येच आहे! प्रोग्राम बंद पडत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही, म्हणून ही चूक सापडायला फार वेळ जातो. उपाय असा: कप्पा कोरा न करता त्यावर ‘काढलेले’ अशी खूण ठेवा. शोधताना ती खूण ओलांडून पुढे जायचे, नवी की ठेवताना मात्र ती जागा वापरता येते. फक्त त्याआधी रिकाम्या कप्प्यापर्यंत शोधून ती की पुढे कुठे नाही याची खात्री करा, नाहीतर एकच की दोनदा नोंदली जाईल.

टेबल भरत गेले की अशा रांगा झपाट्याने लांबतात. अर्धे भरलेले असताना नसलेली की शोधायला सरासरी अडीच कप्पे पाहावे लागतात, 90 टक्के भरल्यावर सुमारे 50. हे आकडे मोठ्या टेबलाचे, आणि तेही सगळ्या की चांगल्या विखुरलेल्या असताना. म्हणून दोन-तृतीयांश भरायच्या आत कप्पे दुप्पट करा, आणि ‘काढलेले’ कप्पेही भरलेल्यातच मोजा.

दुप्पट करताना जुने कप्पे जसेच्या तसे उतरवू नका. आता बाकी 16 ने काढायची, त्यामुळे प्रत्येक कीची जागा नव्याने ठरते. आपल्या उदाहरणात 27 जाते 11 मध्ये, 12 जाते 12 मध्ये, 19 जाते 3 मध्ये. खूण मागेच राहते आणि तिन्ही की पहिल्याच कप्प्यात सापडतात.