पांढरा दगड हातात आला की

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या ट्रेमधले काळे-लाल दगड मला पाठ होते. घाबरवायचे ते पांढरे. आम्ही खानापूरकडची पोरं, घराच्या भिंती जांभ्याच्या, त्यामुळे दगड म्हटला की तांबडाच डोळ्यांसमोर यायचा. निपाणी-चिकोडीकडच्या मित्रांना मात्र काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे पांढरे, चमकते खडे लहानपणापासून माहीत. ते सगळ्यांनाच 'गारगोटी' म्हणत. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि माझी पहिली चूक तिथूनच सुरू झाली.

असाच एक खडा मी व्हायव्हात हातात घेतला. बाजू सपाट, गुळगुळीत, काचेसारखी चमक. मी ठोकून दिलं, "सर, क्वार्ट्झ. क्लीव्हेज चांगलं आहे." सर हसले. "क्वार्ट्झला क्लीव्हेज? मग त्याला क्वार्ट्झ कशाला म्हणतोस रे?"

बरोबरच होतं त्यांचं. क्वार्ट्झला व्यवहारात पाटन म्हणजे क्लीव्हेज नसतंच. तो फुटतो तेव्हा बाटलीच्या जाड काचेसारखी वाटोळी, शिंपल्यासारखी खोलगट फूट दिसते. त्याच्या अंगावर सपाट बाजू असतात खऱ्या, पण त्या वाढताना तयार झालेल्या स्फटिकाच्या बाजू. पाटन म्हणजे फुटताना पडणारी सपाटी. नवख्या माणसाची निम्मी गडबड या दोन सपाटींतच होते.

फरक ओळखायला नमुना खिडकीकडे धरा आणि मनगट सावकाश फिरवा. पाटन असेल तर एका कोनात येताच वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे लहान-मोठे तुकडे एकदम चमकून उठतात, कारण ते सगळे एकमेकांना समांतर असतात. नमुना पारदर्शक असेल तर भिंगातून आतल्या भेगांच्या सरळ, समांतर रेषाही दिसतात. स्फटिकाची बाजू एकटीच चमकते, आणि क्वार्ट्झच्या उभ्या बाजूंवर बऱ्याचदा बारीक आडव्या रेघा असतात.

माझा खडा फिरवल्यावर तीन दिशांना चमकला, आणि त्या दिशा एकमेकींना काटकोनात नव्हत्या. कोपरे तिरके, कुणीतरी खोका एका बाजूला ढकलल्यासारखे. हा कॅल्साइट. पाटनाच्या पातळ्यांमधले कोन साधारण 75 आणि 105 अंशांचे. पोकळीत त्याच्याच शेजारी स्टिल्बाइटही असू शकतो. त्याला एकच उत्तम पाटन, आणि त्या पातळीवर चमक काचेसारखी नसून मोत्यासारखी. कॅल्साइटची कठिनता 3, स्टिल्बाइटची 3.5 ते 4. एवढा फरक हाताला कळत नाही, म्हणून हे दोन चाकूने वेगळे करायला जाऊ नका. पाटन आणि चमक बघा.

क्वार्ट्झ वेगळा काढायला मात्र चाकू लागतोच. पोलादी चाकूची कठिनता 5.5च्या आसपास, क्वार्ट्झची 7. ताज्या फुटीवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर रेघ ओढा. कॅल्साइटवर खाच पडते. क्वार्ट्झवर राखाडी चकचकीत रेघ उठते आणि आपण खूश होतो, 'ओरखडा पडला!' बोट ओलं करून पुसा. रेघ गेली तर ती चाकूच्याच धातूची. उलटी खात्री म्हणून नमुन्याने काच ओरबाडून बघा. काच टेबलावर ठेवा, हातात धरू नका. हवेने कुजलेल्या पृष्ठभागावर ही चाचणी करूच नये. वरचा थर मऊ झालेला असला की कठीण खनिजही खोटं मऊ वाटतं.

फेल्स्पार कॅल्साइट आणि क्वार्ट्झ यांच्या मधला. कठिनता 6, म्हणजे काचेवर ओरखडा पाडतो, पण दोन पाटनं असतात आणि ती जवळजवळ काटकोनात. काच ओरबाडली म्हणून लगेच क्वार्ट्झ लिहू नका, आधी पाटन बघा.

आता कस, म्हणजे खनिजाच्या पुडीचा रंग. सोनाराच्या कसोटीचाच प्रकार, फक्त दगडाऐवजी चकाकी नसलेली चिनीमातीची पट्टी. प्रयोगशाळेतली पट्टी मिळाली नाही तर बाथरूमच्या टाइलची मागची बाजू चालते. पांढऱ्या खनिजांना कसाचा फारसा उपयोग नाही, सगळ्यांची पूड पांढरीच. वर क्वार्ट्झसारखं कठीण खनिज पट्टीलाच ओरबाडतं आणि जी पांढरी पूड दिसते ती पट्टीची असते. मी एकदा जर्नलमध्ये 'क्वार्ट्झचा कस पांढरा' असं लिहून लाल शाईचा मान मिळवलाय.

कस खरा कामाला येतो तो काळ्या, जड, धातूसारख्या चमकणाऱ्या नमुन्यांना. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही पोलादी काळे दिसतात. हेमॅटाइट घासला की पट्टीवर लालसर तपकिरी रेघ, आमच्या अंगणातल्या जांभ्याच्या मातीच्या जातीची. मॅग्नेटाइटची रेघ काळी, आणि तो चुंबकाला चिकटतो.

व्हायव्हात त्या दिवशी सरांनी तोच खडा परत माझ्या हातात दिला. यावेळी मी खिडकीपाशी गेलो, तो फिरवला आणि बोटाने तिरका कोपरा दाखवला. "कॅल्साइट, सर." ते म्हणाले, "मग चाकू कशाला काढला नाहीस?" "कोपराच सांगतोय, सर." त्यांनी पुढचा नमुना ट्रेमधून उचलला. तोही पांढराच होता.