स्पेक्ट्रोफोटोमीटरने लोहाची संहती काढताना या चुका टाळा

फिनँथ्रोलिनने पाण्यातील लोहाचे प्रमाण काढण्याच्या प्रॅक्टिकलमध्ये आलेख बहुधा सरळ येतो, पण अज्ञात नमुन्याचे उत्तर मात्र शेजारच्या टेबलावरील उत्तराशी जुळत नाही. उपकरण बिघडले असावे अशी शंका लगेच घेतली जाते. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा ब्लँकमध्ये, क्युव्हेटच्या हाताळणीत किंवा शेवटच्या गुणाकारात सापडतो.

प्रथम ब्लँकचे पाहू. ५१० नॅनोमीटरवर उपकरण शून्यावर आणण्यासाठी अनेक जण नुसते डिस्टिल्ड वॉटर ठेवतात. पण प्रत्येक फ्लास्कमध्ये हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड, फिनँथ्रोलिन आणि सोडियम अ‍ॅसिटेट घातलेले असते, आणि या रसायनांतही लोहाचा अंश असू शकतो. म्हणून लोह सोडून बाकी सारे त्याच प्रमाणात घातलेला फ्लास्क हाच खरा ब्लँक होय. सर्वच द्रावणांची वाचने पाण्याच्या तुलनेत घेतली, तर संपूर्ण रेषा थोडी वर सरकते. चढ तोच राहतो आणि रेषा वाय-अक्षाला शून्याच्या वर छेदते. तो छेद समीकरणात ठेवला तर उत्तर फारसे बिघडत नाही. पण ‘रेषा आरंभबिंदूतूनच गेली पाहिजे’ म्हणून ती ओढून तिथे नेली, की चढ बदलतो आणि चूक उत्तरात शिरते. स्टँडर्ड पाण्याच्या तुलनेत आणि नमुना ब्लँकच्या तुलनेत वाचला, तर चूक लपून राहते, कारण आलेख तेव्हाही निर्दोष दिसतो.

क्युव्हेटच्या पारदर्शक बाजूंवर बोट लागू देऊ नये. खरखरीत बाजूंनीच ती धरावी, टिश्यूने पुसावी आणि दर वेळी त्याच दिशेने ठेवावी. द्रावण भरण्यापूर्वी त्याच द्रावणाने ती खळबळून घ्यावी आणि स्टँडर्ड सौम्यापासून तीव्राकडे वाचावेत. आत काचेला चिकटलेला बुडबुडा दिसला, तर हलकेच टिचकी मारून तो वर येऊ द्यावा.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. प्रति लिटर १० मिग्रॅ लोह असलेल्या द्रावणाचे ५, १०, १५, २० आणि २५ मिलि ५० मिलिच्या फ्लास्कमध्ये घेतले, रसायने घालून खुणेपर्यंत भरले आणि रंग पूर्ण येण्यासाठी दहा मिनिटे थांबलो, म्हणजे १ ते ५ पीपीएमचे स्टँडर्ड तयार होतात. ब्लँकच्या तुलनेत त्यांचे अॅब्सॉर्बन्स ०.२०१, ०.३९८, ०.६०२, ०.७९७ आणि ०.९९२ आले, तर रेषेचे समीकरण असे मिळते:

अॅब्सॉर्बन्स = ०.१९८ × संहती + ०.००४

अज्ञात नमुन्याचे १० मिलि घेऊन तसाच ५० मिलिचा फ्लास्क केला आणि वाचन १.६४ आले. इथे मोह होतो तो रेषा पट्टीने पुढे वाढवण्याचा. तसे केल्यास फ्लास्कमध्ये ८.२६ पीपीएम, म्हणजे मूळ नमुन्यात प्रति लिटर ४१.३ मिग्रॅ, असे उत्तर निघते. परंतु १.६४ म्हणजे प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग पलीकडे पोहोचतो आहे; अशा वेळी उपकरणातील किंचित भटका प्रकाशही वाचन खाली ओढतो. म्हणून नमुना ५ मिलि घेऊन पुन्हा फ्लास्क केला, तेव्हा वाचन ०.८५३ आले, म्हणजेच फ्लास्कमध्ये ४.२९ पीपीएम आणि मूळ नमुन्यात ४२.९ मिग्रॅ. रंग आलेले द्रावणच पाण्याने पातळ करण्यापेक्षा कमी नमुना घेऊन सर्व रसायने नव्याने घालावीत; नाहीतर रसायनांचे प्रमाण आणि सामू ब्लँकशी जुळत नाहीत.

आलेखावरून मिळणारी संहती फ्लास्कमधल्या द्रावणाची असते, बाटलीतल्या नमुन्याची नव्हे. ५ मिलिचे ५० मिलि केले म्हणून दहाने गुणायचे. हा गुणाकार विसरल्याने हुशार विद्यार्थ्यांचेही गुण गेलेले मी पाहिले आहेत. याच दहामुळे लहान चुकाही मोठ्या होतात: क्युव्हेटवरील बोटाच्या ठशाने ०.०२ ने वाढलेले वाचन फ्लास्कमध्ये सुमारे ०.१ पीपीएमचा, तर नमुन्यात प्रति लिटर १ मिग्रॅचा फरक पाडते. म्हणून नमुन्याचे दोन स्वतंत्र फ्लास्क करावेत. त्यांची उत्तरे यापेक्षा जास्त अंतराने वेगळी आली, तर आलेखाकडे वळण्याआधी पिपेट आणि क्युव्हेट तपासावी.