भाड्याच्या खोलीला रंग लावण्याआधी घरमालकाकडून ओल कशी दुरुस्त करून घ्यावी

ओल असलेल्या भिंतीवर वॉलपेपर लावला की महिन्या-दोन महिन्यांत सांधे उचकटतात आणि मागे बुरशी धरते. रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून आधी मालकाला कळवा. मात्र नुसतं 'भिंतीला ओल आहे' म्हटलं, की 'पुट्टी मारून देतो' असं उत्तर येतं. ओल कुठून येते, हे आधी स्वतः पाहून ठेवा.

समजा, बेडरूमच्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे आणि डाग जमिनीपासून दोन फूट चढला आहे. डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून तारीख लिहा. फुटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून जमले तर खोलीतल्याच दमट हवेचं आहे, आणि तिथे खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय.

घरात दुसरं बाथरूम असेल तर भिंतीपलीकडचं बाथरूम चार दिवस वापरू नका. तरीही डाग रेघेबाहेर सरकत राहिला तर भिंतीतला पाइप गळत असण्याची शक्यता जास्त. सरकायचा थांबला तर संशय टाइल्सच्या सांध्यांवर किंवा नहाणीच्या जाळीभोवती.

मग फोटोंसकट लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण तेच ईमेलनेही पाठवा.

'नमस्कार काका, बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला ओल आहे. २ मार्चला खूण केली होती, १२ मार्चपर्यंत डाग तीन इंच वर गेला. सध्या पाऊस नाही आणि बाथरूम चार दिवस बंद होतं, म्हणून पाइप गळत असावा. प्लंबरला दाखवून, गळती थांबवून मगच प्लास्टर करून द्याल का? मला स्वखर्चाने खोली रंगवायची आहे, त्यालाही तुमची परवानगी हवी. शनिवारी सकाळी मी घरी आहे.'

'गळती थांबवून मगच' हे शब्द गाळू नका. आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी शेजारच्या कोपऱ्यातून डोकं वर काढतं.

डाग बाहेरच्या भिंतीला किंवा गच्चीखाली असेल, तर सोसायटीत ते काम सहसा सोसायटीचं असतं. तिथे अर्ज मालकाच्या सहीने गेलेला बरा, कारण सभासद तो. मजकूर तुम्हीच लिहून द्या, म्हणजे काम अडत नाही.

मालक टाळत असेल तर करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये नोटिशीनंतर १५ दिवसांत काम न झाल्यास भाडेकरूला दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. पण लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने भाडेकरू धरला जात नाही, त्यामुळे या कलमाच्या भरवशावर भाडं कापू नका.

दुरुस्ती झाल्यावर तीन-चार आठवडे भिंत उघडी ठेवा. प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा. आतली बाजू कोरडी निघाली तरच रंगाचा डबा आणा.