बोनसची रक्कम इक्विटी फंडात एकदम टाकायची की हप्त्याहप्त्याने?

माझा मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात आहे. पगारवाढीच्या करारानंतर थकबाकी आणि बोनस मिळून कर कापून तीन लाख त्याच्या खात्यात आले. त्याने विचारलं, "दादा, सगळे एकदम फंडात टाकू, की महिन्याला थोडे थोडे?" आम्ही जे केलं ते क्रमाने सांगतो.

आधी आम्ही फंडाचं नावही काढलं नाही. क्रेडिट कार्डची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर ते आधी फेडा. इतकं व्याज वाचवण्याची खात्री कुठलाच फंड देत नाही. अडीअडचणीसाठीची रक्कमही बाजूला काढा. त्याने साठ हजार काढले. उरले २,४०,०००, आणि हे पैसे पुढची सात वर्षं लागणार नव्हते. दोन-तीन वर्षांत घराचं डाऊन पेमेंट करायचं असेल, तर ते पैसे इक्विटीत एकदमही नकोत आणि हप्त्यानेही नकोत.

दुसरी पायरी म्हणजे आधीची गुंतवणूक पाहणं. फंडात आधीच वीस लाख असतील तर हे २,४०,००० एकदम टाका. बाजार १० टक्के पडला तर जुन्या वीस लाखांवर दोन लाखांची घट दिसेल, नव्या रकमेवर जेमतेम चोवीस हजारांची. हप्ते पाडून तुमची जोखीम फारशी बदलत नाही. भावाची मात्र ही पहिलीच मोठी गुंतवणूक होती, म्हणून आम्ही हप्ते निवडले.

हप्त्यांनी परतावा वाढतो, हा समज आधी काढून टाका. बाजार पडण्यापेक्षा चढतो जास्त वेळा, म्हणून एकदम टाकलेली रक्कम बहुतेक वेळा पुढे राहते. आम्ही कागदावर आकडेमोड केली. युनिटचा भाव दरमहा १००, १०२, १०५, १०७, ११०, ११२ असा चढला, तर एकदम टाकलेल्या २,४०,००० चे शेवटी २,६८,८०० होतात. चाळीस हजारांच्या सहा हप्त्यांचे सुमारे २,५४,००० होतात. थांबलेल्या पैशांवर वर्षाला सहा टक्क्यांच्या दराने मिळणारे तीनेक हजार धरले तरी बारा हजारांचं अंतर राहतं. उलट भाव १००, ९६, ९०, ९४, १००, १०४ असा गेला, तर थांबलेल्या पैशांवरचे तीनेक हजार धरून हप्ते दहा हजारांनी पुढे जातात. थोडक्यात, हप्ता हा विम्याचा प्रीमियम आहे. पैसे टाकले आणि पुढच्याच महिन्यात बाजार आपटला, तर घाबरून सगळं काढून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून तो भरायचा. त्याची मुदत सहा महिने पुरे. दोन वर्षं हप्ते पाडणं म्हणजे दोन वर्षं निम्मे पैसे बाहेर ठेवणं. आणि सातव्या महिन्यात बाजार पडला तर हप्तेवाला आणि एकदमवाला दोघेही सारखेच सापडतात, हेही मी त्याला सांगून ठेवलं.

आता प्रत्यक्ष काम. याला एसटीपी, म्हणजे सिस्टिमॅटिक ट्रान्सफर प्लॅन म्हणतात. अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या लिक्विड फंडातून ठरल्या तारखेला पैसे आपोआप इक्विटी फंडात जातात. दोन्ही योजना एकाच फंड हाऊसच्या असाव्या लागतात, म्हणून आधी इक्विटी फंड ठरवा आणि मग त्याच कंपनीचा लिक्विड फंड घ्या. आम्ही निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, म्हणजे त्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड घेतला. दोन्हीकडे एजंटशिवायचा डायरेक्ट प्लॅन आणि नफा फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय निवडला. पहिले चाळीस हजार थेट इंडेक्स फंडात आणि दोन लाख लिक्विडमध्ये गेले. मग दरमहा १० तारखेला चाळीस हजार, असे पाच हप्ते नोंदवले. नोंदणी लागू व्हायला काही दिवस लागतात. शिवाय लिक्विड फंडातून सात दिवसांच्या आत पैसे हलवले तर एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याबद्दलचं किंचित शुल्क लागतं, म्हणून पुढच्या महिन्याची तारीख बरी. प्रत्येक हप्ता म्हणजे कराच्या दृष्टीने लिक्विड फंडाची विक्री असते. त्यावरचा थोडासा नफा तुमच्या टॅक्स स्लॅबप्रमाणे करपात्र होतो. रिटर्न भरताना तो विसरू नका.

पैसे बचत खात्यात ठेवून "दर महिन्याला मी स्वतः टाकीन" असं मात्र करू नका. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर. त्या दिवशी हाताने हप्ता भरायला बसलेला माणूस थांबला असता, आणि नेमका तोच हप्ता स्वस्तात पडणार होता. नोव्हेंबरमध्ये निफ्टी जुन्या पातळीच्या वर परत आला होता.

प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं. वर्षाच्या आत विकलेल्या युनिटच्या नफ्यावर २० टक्के कर लागतो. वर्षानंतर विकलं, तर वर्षभरातल्या अशा नफ्यापैकी सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि त्यावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. भावाने सहाही तारखा डायरीत लिहून ठेवल्या आहेत. तिसरा हप्ता गेल्या आठवड्यात गेला.