टोकन लॉक झालं तर ‘इनिशियलाइज’ला हात लावू नका

सरकारी टेंडरांच्या महाटेंडर्स पोर्टलवर लॉगिन कसं करायचं, कुठल्या पाकिटात काय घालायचं, हे नवीन क्लार्क बघून बघून शिकतो. डिजिटल सही ज्यात असते त्या यूएसबी टोकनबद्दल मात्र कुणी शिकवत नाही.

मी सांगलीत एका कॉन्ट्रॅक्टरकडे नवा होतो. गटाराच्या कामाचं टेंडर, मुदत दुपारी तीन. ईएमडी म्हणजे अनामत आदल्या दिवशीच भरलेली, पीडीएफ तयार, बीओक्यू म्हणजे दरांच्या तक्त्यात दर टाकलेले. सव्वादोनला टोकन लावून पिन टाकला, तर पिन लॉक! रात्री मालकांच्या पुतण्यानं ‘बघू तरी’ म्हणत अंदाजानं पिन मारले होते. ठरावीक वेळा पिन चुकला की टोकन स्वतःला कुलूप लावून घेतं. दिवा मात्र लागलेलाच असतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

टेंडरं भरून देणाऱ्या एका ओळखीच्याला फोन लावला. “इनिशियलाइज मार की, काय हुतंय? दोन मिनिटांचं काम.”

हाच तो सापळा. इनिशियलाइज केलं की कुलूप निघतं खरं, पण आतली सहीच पुसली जाते. सहीची खासगी किल्ली टोकनच्या आतच तयार झालेली असते आणि बाहेर काढता येत नाही. म्हणजे तिची दुसरी प्रत कुठेच नसते, ना विकणाऱ्याकडे, ना कॉम्प्युटरवर. मग सहीचं नवं सर्टिफिकेट, मालकांचं व्हिडिओ व्हेरिफिकेशन, आणि वर नवी सही पोर्टलच्या लॉगिनला जोडायची. तीन वाजायच्या आत हे होत नाही. ह्या भाऊंच्या बिस्किटाच्या डब्यात अनेक कॉन्ट्रॅक्टरांची टोकनं असतात, पिनच्या चिठ्ठ्यांसकट. अशांच्या सल्ल्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही.

आधी टोकनचं सॉफ्टवेअर उघडा. टोकनच दिसत नसेल तर पोर्ट किंवा ड्रायव्हर बघा. ते सोपं आहे, घाबरू नका. सर्टिफिकेट दिसतंय पण तारीख उलटलीय, तर नवीनच घ्यावं लागेल. सर्टिफिकेट आहे, मुदत आहे, फक्त पिन लॉक आहे, तर ‘अनब्लॉक’ शोधा. त्याला अॅडमिन पिन लागतो, आणि तो बहुतेक वेळा टोकन विकणाऱ्याकडे असतो. काही विक्रेते तो देतच नाहीत. म्हणून टोकन घेतानाच विचारून घ्या.

आमच्या विक्रेत्यानं फोन उचलला तेव्हा अडीच वाजून गेले होते. अॅडमिन पिन टाकला, नवा पिन ठेवला, सर्टिफिकेट जागेवर होतं. पाकिटं चढवली. इथे अजून एक: शेवटचं ‘फ्रीझ’ बटण दाबल्याशिवाय निविदा गेली असं समजू नका, आणि भिंतीवरचं घड्याळ बघू नका, पोर्टलवर दिसणारी सर्व्हरची वेळ बघा. पोचपावती निघाली तेव्हा तीनला चारच मिनिटं होती.

काम आम्हाला मिळालं नाही, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, दुसराच निघाला. ईएमडी परत आली. पुतण्याला मालक काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.