साठ अंशांवरचा फुगा

अकरावीतल्या आमच्या यीस्टच्या प्रोजेक्टात सगळ्यांत आधी उभा राहिला तो ६० अंशांवरचा फुगा. यीस्टचं द्रावण गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि फुगा लिंबाएवढा टम्म. शेजारचा ३५ अंशांवरचा फुगा अजून फ्लास्कच्या गळ्यावर मान टाकून पडलेला. मी आणि माझ्या मैत्रिणीने आनंदाने वहीत लिहून टाकलं : ‘किण्वनासाठी ६० अंश सर्वोत्तम.’ लॅबमधले काका मागून बघत होते. ते एवढंच म्हणाले, “तो फ्लास्क बाहेर काढून ठेवा जरा.” काढला. दहा मिनिटांत फुगा पुन्हा चिंधीसारखा लोंबायला लागला.

यीस्टने तयार केलेला वायू असा परत जात नाही. आम्ही मोजली होती ती हवा. २५० मिलीच्या कोनिकल फ्लास्कमध्ये १०० मिली द्रावण घेतलं की वर, गळ्यापर्यंत धरून, साधारण २०० मिली हवा उरते. ती २७ वरून ६० अंशांवर नेली तर नुसती उष्णतेने दहा-अकरा टक्के प्रसरण पावते. शिवाय ६० अंशांना पाण्याची वाफ बरीच होते, तिचीही भर पडते. दोन्ही मिळून घनफळ जवळपास एक-तृतीयांशाने वाढतं, म्हणजे साठ-पासष्ट मिली. हाच आमचा लिंबाएवढा फुगा! यीस्टच्या पेशी एव्हाना मेलेल्या होत्या, कारण ६० अंश त्यांना झेपत नाहीत.

यंदा हा प्रयोग करणार असाल तर इथूनच सुरुवात करा. फ्लास्क ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात तोंड उघडं ठेवून सात-आठ मिनिटं राहू द्या. आतल्या द्रावणात थर्मामीटर बुडवून तापमान बघा आणि मगच फुगा चढवा. बाहेरच्या पाण्याचं तापमान हे आतल्या द्रावणाचं तापमान नसतं, आतलं मागे रेंगाळतं. आणि प्रत्येक तापमानाला एक फ्लास्क असा ठेवा की ज्यात साखर आहे पण यीस्ट नाही. त्याचा फुगा जेवढा हलेल तेवढं बाकीच्यांतून वजा करायचं.

आमचं प्रमाण साधं होतं : १०० मिली द्रावणात ५ ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम कोरडं यीस्ट, बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते. पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक फ्लास्कसाठी यीस्ट वेगळं मोजलं आणि थंड फ्लास्कात कोरडंच टाकलं. दोन्ही चुका. लॅबच्या काट्यावर २ ग्रॅम मोजताना इकडचं तिकडे होतंच. त्याहून वाईट म्हणजे कोरडं यीस्ट थंड पाण्यात पडलं की पेशींचं पटल नीट सावरायच्या आत आतला माल बाहेर पाझरतो आणि बऱ्याच पेशी निकामी होतात. मग १५ अंशांवरचा फुगा फुगला नाही तो थंडीमुळे की पेशी मेल्यामुळे, हे कुणी सांगायचं? म्हणून सगळं यीस्ट एकाच बीकरमध्ये ३५-३८ अंशांच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि त्याचे सारखे भाग करा. आम्ही २० ग्रॅम यीस्ट २०० मिलीत भिजवून प्रत्येक फ्लास्कात २० मिली घालायचो. उरलेल्या ८० मिलीत साखर आधीच विरघळवून त्या-त्या तापमानाला आणून ठेवलेली असायची. भाग करताना बीकर ढवळत राहा, कारण यीस्ट तळाशी बसतं आणि शेवटच्या फ्लास्कला दाट गाळ मिळतो.

वॉटर बाथ आमच्याकडे एकच होता. बाकी तापमानं पातेल्यांत आणि एका थर्माकोलच्या खोक्यात, किटलीतलं गरम पाणी किंवा बर्फ घालत सांभाळली. तासभरात दोन अंश इकडेतिकडे व्हायचेच. ते लपवू नका, तक्त्यात ‘३५ ± २’ असं लिहा. आणि ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द तर वहीत येऊच देऊ नका. आमच्या अकोल्यात डिसेंबरच्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी लॅबमधला पारा वीस-पंचवीस अंशांनी वेगळा असतो.

आता मोजणी. फुग्याच्या सर्वांत फुगीर जागी दोरा गुंडाळायचा, पेनाने खूण करायची, पट्टीवर लांबी बघायची. हा झाला परीघ. ३५ अंशांवर ग्लुकोजच्या फ्लास्कचे आमचे आकडे असे आले : २५व्या मिनिटाला १६ सेंटिमीटर, ३५व्याला १८.७, ४५व्याला २०.९ आणि ५५व्याला २२.६. वाढ बघा : आधी २.७, मग २.२, मग १.७. आलेख वर जाताजाता वाकत होता. मैत्रीण म्हणाली, साखर संपत आली. मी म्हटलं, अल्कोहोल साठून यीस्ट मंदावलं. निष्कर्षात दोन्ही कारणं घालायची ठरलीही होती.

मॅडमनी वही बघून विचारलं, “वायू सेंटिमीटरमध्ये मोजतात का गं?” घनफळ परिघाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फुगा गोल धरला तर परिघाचा घन करून त्याला ५९.२ ने (म्हणजे ६ गुणिले पायचा वर्ग) भागायचं, की मिलीलिटरमध्ये घनफळ येतं. तेच चार आकडे असे होतात : ६९, ११०, १५४, १९५. दर दहा मिनिटांना ४१, ४४, ४१. म्हणजे सरळ रेषा, मिनिटाला चार मिलीच्या आसपास. यीस्ट जराही मंदावलं नव्हतं. मोठ्या फुग्यात तेवढाच वायू शिरला तरी परीघ कमी वाढतो, एवढंच. साखर संपण्याचा तर प्रश्नच नव्हता. ग्लुकोजच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात, त्या हिशेबाने ५ ग्रॅम ग्लुकोज पुरतं वापरलं गेलं तर ३५ अंशांना सुमारे १.४ लिटर वायू निघेल. आमचा दोनशे मिलीही झाला नव्हता.

सूत्रावरही पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण फुगा चेंडूसारखा नसतो, पेरूसारखा असतो. आम्ही नंतर ५० मिलीच्या सिरिंजने त्याच फुग्यांत मोजून हवा भरली आणि कोणत्या घनफळाला दोरा किती भरतो याचा तक्ता केला. १०० मिलीला सूत्राप्रमाणे १८.१ यायला हवा होता, आमच्या फुग्यांत १८.४ आला. एवढा फरक चालतो, पण तो माहीत असावा. नवा फुगा सुरुवातीला ताठ असतो, म्हणून प्रत्येक फुगा आधी तोंडाने दोन-तीनदा फुगवून सैल करा. आणि फुगा गोल व्हायच्या आधीचे आकडे दरासाठी धरू नका. तो नुसता उभा राहतो तेव्हा दोऱ्याला काहीच कळत नाही.

थंड फ्लास्क आणखी एका तऱ्हेने फसवतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पाणी जितकं गार तितका जास्त. वर निव्वळ कार्बन डायऑक्साइड असेल तर १०० मिली पाणी १५ अंशांना जवळपास १०० मिली वायू पोटात ठेवतं, ३५ अंशांना साठेक मिली. फ्लास्कमध्ये वर हवाही मिसळलेली असते, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी असतो. पण १५ अंशांवरचं यीस्ट दिसतं तितकं आळशी नसतं हे खरं. दर वाचनाआधी सगळे फ्लास्क सारखेच, हलक्या हाताने पाचदा गोल फिरवले की अडकलेला वायू बराचसा सुटतो. आणि ‘उद्या सकाळी मोजू’ असं कधीच करू नका. रबरातून कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा कितीतरी वेगाने झिरपतो, सकाळी फुगा सुरकुतलेला मिळतो.

या सगळ्यानंतर तापमानाचा आलेख शहाणा झाला. १५ अंशांवर तासाभरात फुगा जेमतेम गोल, २५ वर बरा, ३५ वर सर्वांत चांगला. ४५ अंशांचा मजेदार होता : पहिली वीस मिनिटं ३५ च्या पुढे, मग मागे पडला. एन्झाइमं उष्णतेने आधी जोरात चालतात आणि तीच उष्णता त्यांना हळूहळू बिघडवते. एकच, तासाभराचा आकडा घेतला असता तर हे दिसलंच नसतं. ६० अंशांवर, यीस्ट नसलेल्या फ्लास्कचा आकडा वजा केल्यावर, शून्य.

साखरा आम्ही तीनच घेतल्या आणि प्रत्येकीचे तीन-तीन फ्लास्क केले : ग्लुकोज, घरातली साखर म्हणजे सुक्रोज, आणि लॅक्टोज. सहा साखरांचा एकेक फ्लास्क करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. सुक्रोज दुहेरी साखर, म्हणून ती हळू चालेल असं आम्ही आधी लिहून ठेवलं होतं. पण ती ग्लुकोजच्या जवळपास बरोबरीने धावली. यीस्ट सुक्रोज आत ओढत बसत नाही. इन्व्हर्टेज हे एन्झाइम पेशीपटलाच्या बाहेरच, भित्तिकेच्या जागेत असतं. ते तिथेच सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि तेच आत जातात. लॅक्टोजसाठी बेकरीच्या यीस्टकडे ना आत नेणारं प्रथिन, ना तोडणारं एन्झाइम.

व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी आधी विचारलं, की यीस्टला ऑक्सिजन मिळत असताना ते श्वसनही करतं, मग फुगा श्वसनाने फुगला नाही कशावरून? हे मला येत होतं : ग्लुकोजच्या ऑक्सिश्वसनात जेवढा ऑक्सिजन वापरला जातो तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो, घनफळ जिथल्या तिथे राहतं. फुगा वाढवतो तो ऑक्सिजन न घेता निघालेला वायू.

मग त्यांनी तक्त्यात बोट ठेवलं. “लॅक्टोज चालत नाही म्हणता, आणि इथे ३० मिली कसे?” मी गप्प. मैत्रिणीने तक्त्याची शेवटची ओळ दाखवली. साखर अजिबात न घातलेल्या, नुसत्या यीस्टच्या फ्लास्कमध्येही २८ मिली आले होते. कोरड्या यीस्टच्या पेशींत ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन साठवलेलं असतं, तेवढ्यावर ते थोडा वेळ चालतं. तो फ्लास्क आम्ही केवळ काकांनी “एक बिनसाखरेचा पण ठेवा” म्हटलं म्हणून ठेवला होता.